मुदत चुकल्याचे वरिष्ठांना कळवताना

मित्रहो, मुदत चुकल्याचा मेल वरिष्ठांना लिहिताना त्यातला तुटकपणा कसा कमी करावा, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. मेल सौम्य होतो तो विनम्र शब्दांची भर घातल्याने नव्हे, तर वाचणाऱ्याच्या मनात लगेच उभे राहणारे प्रश्न आपणच सोडवून दिल्याने. ‘नम्र विनंती’, ‘मनःपूर्वक दिलगीर’, ‘कृपया समजून घ्यावे’ यांची रेलचेल असलेले नमुने नवख्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिले जातात, याची मला खरोखर चीड येते. कारण त्यांनी मेल लांबतो आणि नेमकी हवी ती माहिती तळाशी जाते.

एक उदाहरण बारकाईने पाहू. माझ्या एका सहकाऱ्याला बुधवारी संध्याकाळी 5 वाजेपर्यंत मासिक विक्री अहवाल द्यायचा होता आणि 8 पैकी 2 शाखांचे आकडे आलेच नव्हते. दुपारी त्याने लिहिले: ‘मॅडम, अहवाल आज होणार नाही. शाखांचे आकडे आलेले नाहीत. आले की पाठवतो.’ यात खोटे काहीच नाही. मात्र ‘होणार नाही’, ‘राहून गेले’, ‘जमले नाही’ अशी करणाऱ्याला आड ठेवणारी क्रियापदे आपल्या इतकी सवयीची आहेत की, काळजीने काम करणारा माणूससुद्धा त्यांच्यामुळे बेफिकीर वाटतो. दुसरे वाक्य शाखांकडे बोट दाखवते, आणि तिसऱ्यात तारीखच नसल्याने ‘म्हणजे कधी?’ हे विचारण्याचे काम मॅडमवर येऊन पडते.

मी त्याला म्हटले, जरा सौम्य करा. मग बहुतेकांच्या हातून होते तेच झाले. नव्या मसुद्यात आरंभी दिलगिरी, शेवटी दिलगिरी आणि मध्ये सोमवारचे स्मरणपत्र, मंगळवारचा फोन, रजेवर गेलेला लेखापाल, बंद पडलेला सर्व्हर अशी सगळी हकीकत होती. प्रत्येक तपशील खरा होता, पण एकत्र वाचल्यावर ती आरोपीची जबानी वाटत होती. कारणे वाढली की एकेका कारणाचे वजन घटते. शिवाय याच तपशिलांतून एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो असा, की अडचण सोमवारपासून ठाऊक होती, तर मला बुधवारी दुपारी का कळते आहे? बचावासाठी दिलेली हकीकतच अशी अंगावर येते.

मग आम्ही मॅडमच्या बाजूने विचार केला. गुरुवारी सकाळी त्यांची वरिष्ठांबरोबर बैठक होती. तोवर हातात काय येईल, उरलेले कधी मिळेल आणि स्वतःला काही करावे लागेल का, एवढेच त्यांना हवे होते. सहकाऱ्याने शाखांना फोन करून वेळ पक्की केली आणि अखेर असा मेल गेला:

‘विषय: मासिक विक्री अहवाल आज अपूर्ण, पूर्ण अहवाल शुक्रवारी दुपारी 3 वाजता

मॅडम, मासिक विक्री अहवाल मी आज पूर्ण करू शकणार नाही. 6 शाखांचा भाग सोबत जोडला आहे; उद्याच्या बैठकीत तो वापरता येईल, मात्र एकूण बेरीज अंतिम धरू नये. उरलेल्या 2 शाखांचे आकडे उद्या दुपारी मिळणार आहेत. ते तपासून पूर्ण अहवाल शुक्रवारी दुपारी 3 वाजता देतो. आपल्याला यात काही करावे लागणार नाही. आकडे अडल्याचे मी कालच कळवायला हवे होते, त्याबद्दल दिलगीर आहे.’

इथे कारण आले आहे, पण पुढच्या कामाच्या ओघात, अर्ध्या वाक्यात. दिलगिरी एकदाच आहे आणि ती आकड्यांच्या उशिराबद्दल नाही, तर उशिरा कळवण्याबद्दल आहे, कारण तेवढेच सर्वस्वी त्याच्या हातात होते.

आयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे आणि मूळ आराखड्यातले बरेच राहिले आहे, म्हणून उरलेले थोडक्यात सांगतो. ज्या शाखांमुळे अडले त्यांना ‘सीसी’त घालू नका, त्यांचे नाव मजकुरात कितीही सौम्यपणे आले, तरी त्या यादीमुळे मेल तक्रार ठरतो. दिलगिरीच्या वाक्यानंतर ‘पण’ आला तर वाक्य तिथेच तोडा आणि ‘पण’नंतरचे खरोखर हवे आहे का ते पाहा, बहुधा नको असते.

नवी वेळ देताना मन मोठे करू नका. आकडे गुरुवारी दुपारी येणार आणि तपासणीला अर्धा दिवस लागणार, म्हणून शुक्रवार दुपार; मॅडमना बरे वाटावे म्हणून ‘गुरुवारी संध्याकाळी’ लिहिले असते आणि तेही चुकले असते, तर दुसरा मेल कितीही चांगला लिहून उपयोग झाला नसता. आणि बैठक तासाभरावर आली असेल तर आधी फोन करा, मेल त्यानंतर नोंदीसाठी पाठवा.