मोठं आतडं, लहान आतडं: अमिबा आणि जिआर्डिया

(तालुक्यातले डॉक्टर आणि लॅब टेक्निशियन यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यात दवाखाना चालवणारे आहेत, तसे दिवसभर मायक्रोस्कोपवर बसणारेही आहेत. म्हणून सुरुवात रोग्यापासून न करता टेबलावर आलेल्या दोन डब्यांपासून करतो. दोन्ही डब्यांसोबतच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: आमांश. दोन्ही रोग्यांना मेट्रोनिडाझोल आधीच सुरू झालेलं होतं.

पहिला डबा बेचाळीस वर्षांच्या एका शेतकऱ्याचा. मळ थोडासाच, काळपट, त्यात आव आणि रक्त एकमेकांत मिसळलेलं, वास उग्र. दुसरा डबा सहा वर्षांच्या मुलीचा. मळ भरपूर, फिकट पिवळा, तेलकट, पाण्यावर तरंगणारा. वास तितकाच घाण, पण रक्ताचा थेंब नाही. ‘पोटात जंत झालेत’ म्हणून तिच्या आईनं घरी दोनदा औषध देऊन पाहिलं होतं.

हे दोन डबे शेजारी ठेवून पाहिले की निम्मं निदान मायक्रोस्कोपच्या आधीच होतं. कारण एकच आहे: दोन्ही परजीवी दूषित पाण्यातून किंवा अन्नातून एकाच वाटेनं पोटात शिरतात, पण मुक्कामाला वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात. जिआर्डिया लहान आतड्याच्या सुरुवातीला थांबतो. एंटामिबा हिस्टोलिटिका खाली मोठ्या आतड्यात जातो. पुढे मी जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका फरकातून निघतं.

जिआर्डियाच्या पोटाकडच्या बाजूला एक चोषक तबकडी असते. तिनं तो आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो, आत मात्र शिरत नाही. तो चिकटला की अस्तराच्या बारीक केसाळ पृष्ठभागावरची पाचक द्रव्यं कमी होतात आणि चरबी व दुधातली साखर नीट पचत नाही. न पचलेली चरबी मळात उतरते, म्हणून मळ तेलकट आणि तरंगणारा होतो. न पचलेली साखर खालचे जिवाणू आंबवतात, म्हणून पोट डमरूसारखं फुगतं, गुरगुरतं आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर येतात. अस्तर फाटत नाही, त्यामुळे रक्त नाही, पूपेशीही नाहीत. ताप सहसा नसतो. जुलाब आठवडेच्या आठवडे येतात-जातात आणि मूल वाळत जातं.

अमिबाचं तसं नाही. त्याच्या नावातल्या ‘हिस्टोलिटिका’चा अर्थच ‘ऊतक विरघळवणारा’ असा आहे. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरतो, पेशी मारतो आणि आतून पोखरत रुंदावतो. त्याचे व्रण वरून अरुंद तोंडाचे आणि आत पसरलेले, सुरईसारखे असतात. म्हणून मळ थोडा पण वारंवार होतो, कुंथावं लागतं, आव आणि रक्त पडतं, पोटात मुरडा येतो. बहुतेकदा उजव्या बाजूला खाली, सीकमच्या जागी, दाबलं की दुखतं. ताप असला तरी तो बहुधा थोडाच. रक्ती जुलाबाबरोबर सणकून ताप असेल तर आधी शिगेलाचा विचार करा.

आता मायक्रोस्कोपकडे येऊ. पातळ मळाचा नमुना अर्ध्या तासात पाहायला हवा. अमिबाचे चालते जीव शरीराबाहेर पडल्यावर फार वेळ हालचाल करत नाहीत. थांबलेला अमिबा पूपेशीच्या ढिगात ओळखू येत नाही. सकाळचा डबा दुपारी चारला पाहून ‘काही दिसलं नाही’ असं लिहिणं रोग्यावर अन्याय करणारं आहे, आणि हे मी तळमळीनं सांगतो.

सलाइनच्या थेंबात अमिबा एकाच दिशेनं, पारदर्शक पाय पुढे ढकलत सरकताना दिसतो. निर्णायक खूण म्हणजे त्याच्या पोटातल्या लाल पेशी. ही खूण दिसली की मी दुसरं काही शोधत नाही. मात्र एक सावधगिरी बाळगा: जिवाणूंच्या आमांशातल्या मोठ्या भक्षकपेशीही लाल पेशी गिळतात आणि घाईत त्या अमिबासारख्या वाटतात. पण त्या तशा सरकत नाहीत आणि त्यांच्या आजूबाजूला पूपेशींची गर्दी असते. अमिबाच्या मळात पूपेशी त्या मानानं कमी दिसतात, कारण अमिबा त्यांनाही मारून विरघळवतो. शेजारी टोकदार, हिऱ्यासारखे शार्को-लेडन स्फटिक दिसले तर तो अमिबाच्या बाजूचा पुरावा. पण एकट्या स्फटिकावर निदान ठरवू नका, ते इतरही आजारांत दिसतात.

जिआर्डियाचा चालता जीव एकदा पाहिला की विसरत नाही. नासपतीच्या आकाराचा, साधारण १२ ते १५ मायक्रॉन लांब, दोन केंद्रकं म्हणजे जणू दोन डोळे, आणि झाडावरून गळणाऱ्या पानासारखी हेलकावणारी चाल. घट्ट मळात मात्र तो नसतो, त्याचा सिस्ट असतो: अंडाकृती, ८ ते १२ मायक्रॉनचा, आयोडीनमध्ये आत चार केंद्रकं आणि लांबट धागे दाखवणारा. लेवेनहूकनं १६८१ मध्ये स्वतःच्याच पातळ मळात हा प्राणी पाहून ठेवला होता. तीनशे वर्षांहून अधिक काळ गेला, तरी तो आजही आपल्या नजरेतून निसटतो. कारण साधं आहे: जिआर्डियाचे सिस्ट रोज बाहेर पडत नाहीत. एक डबा ‘निगेटिव्ह’ आला म्हणून जिआर्डिया नाही असं ठरत नाही. एक दिवस आड करून तीन नमुने घ्या.

अमिबाच्या सिस्टबद्दल वेगळी अडचण आहे. एंटामिबा डिस्पार नावाचा एक निरुपद्रवी भाऊबंद आहे. त्याचा चार केंद्रकांचा सिस्ट हिस्टोलिटिकाच्या सिस्टसारखाच दिसतो आणि मायक्रोस्कोपखाली दोघांत फरक करता येत नाही. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की अहवालात दोन्ही नावं जोडून लिहावीत आणि कसलीच लक्षणं नसलेल्या माणसाला केवळ अशा सिस्टवरून औषध देऊ नये. तरीही नोकरीच्या तपासणीत ‘अमिबा सापडला’ म्हणून निरोगी माणसं दरवर्षी गोळ्या खातात. खात्री करायची तर मळातलं प्रतिजन किंवा पीसीआर तपासावं लागतं.

आता औषधं, आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक होते.

मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोल दोन्ही परजीवींवर चालतात. पण ते पोटात गेल्यावर लहान आतड्यातून जवळपास सगळं शोषलं जातं. लहान आतड्यातल्या जिआर्डियाला ते जागेवर गाठतं. आतड्याच्या भिंतीतल्या अमिबालाही रक्तातून गाठतं. मोठ्या आतड्याच्या पोकळीत मात्र पुरेसं उरत नाही आणि तिथले सिस्ट तसेच राहतात. म्हणून अमिबाला दोन टप्प्यांचं औषध लागतं. मोठ्या माणसाला मेट्रोनिडाझोल ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाच ते दहा दिवस, किंवा टिनिडाझोल रोज २ ग्रॅम, तीन दिवस. त्यानंतर पोकळीत काम करणारं औषध: डायलोक्सॅनाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम तीनदा, पूर्ण दहा दिवस, किंवा मिळालं तर पॅरोमोमायसिन सात दिवस.

पहिला डबा ज्यांचा, त्या शेतकऱ्याकडे वळतो. दिवसाला सात-आठ वेळा रक्त-आव, ताप नाही, सीकमवर दुखणं, मळात लाल पेशी गिळलेला हलता अमिबा. मी मेट्रोनिडाझोल सात दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं, सातव्या दिवशी ते कामावर गेले आणि मी त्यांना विसरलो. दोन महिन्यांनी तेच गृहस्थ त्याच तक्रारी घेऊन आले. औषधानं काम केलं नाही असं पहिल्यांदा मलाही वाटलं. मग माझ्याच कागदावर नजर गेली: दुसरा टप्पा मी लिहिलाच नव्हता. पुन्हा मेट्रोनिडाझोल आणि लगेच डायलोक्सॅनाइड दहा दिवस दिलं, नंतर महिन्यानं मळ तपासला, तेव्हा सिस्ट मिळाले नाहीत. बाजारात दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. ती गोळी पाच दिवसांत थांबवली तर डायलोक्सॅनाइडचे दहा दिवस भरत नाहीत, हे लक्षात ठेवा. यकृतात अमिबाचा गळू झालेल्या रोग्यालाही हाच नियम लागू होतो. त्याच्या मळात बऱ्याचदा काहीच सापडत नाही, तरी पोकळीतलं औषध शेवटी द्यायचंच असतं.

जिआर्डियाला हा दुसरा टप्पा लागत नाही. मुलीचं वजन १७ किलो होतं. टिनिडाझोल मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम, एकच डोस. म्हणजे ८५० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. तिचे पहिले दोन नमुने निगेटिव्ह होते आणि तिसऱ्यात सिस्ट मिळाले. आधी चालू असलेलं मेट्रोनिडाझोल तिला कमी मात्रेत आणि दोनच दिवस मिळालं होतं. तेवढ्यानं जिआर्डिया मरत नाही, फक्त काही दिवस दबतो.

दहा दिवसांनी आई परत आली: पोट फुगणं कमी झालं, भूक लागते, पण दूध प्यायली की पुन्हा पातळ होतं. इथं घाईनं दुसरं औषध लिहू नका. जिआर्डियानं लॅक्टेज कमी केलेलं असतं आणि अस्तर भरून यायला काही आठवडे लागतात. मी दूध थांबवायला सांगितलं, दही-ताक चालू ठेवलं आणि दिवसाआड तीन नमुने पुन्हा मागवले. तिन्हीत काही नव्हतं. समजा सिस्ट पुन्हा सापडले असते, तर तेच औषध पुन्हा देण्यापेक्षा मी नायटाझोक्सॅनाइड २०० मिलिग्रॅम दोनदा, तीन दिवस दिलं असतं, किंवा अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. आपल्या भागातून परदेशी परतलेल्या प्रवाशांत मेट्रोनिडाझोलला न जुमानणारा जिआर्डिया तिथल्या डॉक्टरांना वाढत्या प्रमाणात दिसतो आहे, त्यामुळे हा पर्याय हाताशी असायला हवा.

शेवटी मी आईला विचारलं, घरात आणखी कुणाचं पोट बिघडलेलं आहे का? ती म्हणाली, ‘धाकट्याचं पण असंच होतंय, पण तो रडत नाही, म्हणून लक्ष नाही दिलं.’ जिआर्डिया लागायला दहा-बारा सिस्टही पुरे होतात. अडीच वर्षांच्या त्या मुलाच्या पहिल्याच डब्यात गळत्या पानासारखे हेलकावणारे जीव भरपूर होते. त्याला नायटाझोक्सॅनाइडचं पातळ औषध दिलं, कारण तीन वर्षांखालच्या मुलाला टिनिडाझोल मी देत नाही. दूध बंद ठेवल्याला सहा आठवडे झाले तेव्हा मुलीनं पुन्हा दूध प्यायला सुरुवात केली, आणि तेव्हा तिचं वजन १८ किलो २०० ग्रॅम होतं.