बक्षीसपत्रातली दोन वाक्यं: ‘तहहयात’ आणि ‘रद्द’

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेलं बोलणं, थोडं काटछाट करून)

मागच्या महिन्यात एक काका माझ्याकडे आले, एसटीतून रिटायर झालेले, पाथर्डी फाट्याला टू बीएचके फ्लॅट, काकांच्या एकट्याच्या नावावर. मुलगा पुण्याला, मुलगी धुळ्याला दिलेली. फ्लॅट मुलाच्या नावावर करायचा ठरलं होतं आणि कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्याकडून बक्षीसपत्राचा कच्चा मसुदा करून आणला होता. म्हणाले, मॅडम फक्त एकदा नजर टाका, उद्या रजिस्ट्रेशनचा टोकन आहे. मी वाचला आणि म्हटलं काका, टोकन सोडून द्या.

त्यात तीन वाक्यं अशी होती, मी तुम्हाला जशीच्या तशी सांगते. एक, ‘सदर फ्लॅटचा कब्जा आज रोजी लिहून घेणार यांस दिला असे.’ दोन, ‘आमच्या मृत्यूनंतर सदर फ्लॅट लिहून घेणार यांच्या मालकीचा होईल.’ तीन, ‘लिहून देणार यांना वाटेल तेव्हा हे बक्षीसपत्र रद्द करण्याचा अधिकार राहील.’ लिहून देणार म्हणजे काका, लिहून घेणार म्हणजे मुलगा. काकांना तिसरं वाक्य सगळ्यात आवडलं होतं, कारण त्यांच्या मते ती सेफ्टी. आणि तेच सगळ्यात घातक निघालं.

आधी दुसरं वाक्य घेऊ. बक्षीस म्हणजे आज दिलं, आज घेतलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या १२२ कलमात हेच आहे, देणाऱ्याने राजीखुशीने, मोबदला न घेता द्यायचं आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारायचं. स्थावर असेल तर १२३ कलमाप्रमाणे रजिस्टर करायचं आणि दोन साक्षीदार लागतात. आता ‘माझ्या मृत्यूनंतर तुझा’ असं लिहिलं तर आज काय दिलं? काहीच नाही. ते झालं मृत्युपत्रासारखं. कोर्ट वरचा मथळा बघत नाही, आतला मजकूर बघतं. मग उद्या भांडण लागलं की मुलगा म्हणणार बक्षीस, मुलगी म्हणणार मृत्युपत्र, आणि वर पहिल्या वाक्यात कब्जा आजच दिलाय असं लिहिलेलं, म्हणजे त्याच कागदात एक वाक्य दुसऱ्याला छेद देतंय, वकिलांची दहा वर्षांची सोय झाली.

काकांना खरं हवं काय होतं? मालकी मुलाला, पण आम्ही दोघं मरेपर्यंत इथेच राहू, कोणी हलवू नये. हे पूर्ण कायदेशीर आहे, फक्त बरोबर शब्दांत मागावं लागतं. मालकी आज द्यायची आणि त्यातून तहहयात उपभोगाचा हक्क स्वतःकडे राखून ठेवायचा. पूर्वी लोक घाबरायचे की ताबा दिला नाही तर बक्षीस पुरं होत नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने रेणिकुंटला राजम्मा या प्रकरणात सांगून टाकलं की रजिस्टर झालेल्या बक्षीसपत्राला ताब्याची देवघेव लागतेच असं नाही, देणाऱ्याने हयातीपर्यंत राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क ठेवला तरी बक्षीस टिकतं. म्हणून पहिलं वाक्य, कब्जा दिला, ते सरळ खोडलं. तुम्ही राहताय तिथेच, मग खोटं लिहायचंच कशाला.

आम्ही जे लिहिलं ते साधारण असं: ‘सदर फ्लॅटची मालकी आज रोजी लिहून घेणार यांस कायमची दिली असून ती त्यांनी स्वीकारली आहे. मात्र लिहून देणार व त्यांच्या पत्नी या दोघांस, आणि दोघांपैकी जे मागे राहतील त्यांस, हयात असेपर्यंत सदर फ्लॅटमध्ये राहण्याचा, वापरण्याचा व भाड्याने देऊन भाडे घेण्याचा हक्क राखून ठेवला आहे.’

यात ‘दोघांपैकी जे मागे राहतील’ हे शब्द बघा. फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर होता, मसुद्यात काकूंचा उल्लेखच नव्हता. म्हणजे काका गेले की तहहयात हक्क संपला आणि काकू मुलाच्या फ्लॅटमध्ये मुलाच्या मर्जीवर. काकू तिथेच बसल्या होत्या, त्या इतकंच म्हणाल्या, मला वाटलं मी धरलेलीच असेन. नाही हो, कागदात जे लिहिलं नाही ते धरलेलं नसतं. म्हणून काकूंचा हक्क नावानिशी लिहिला आणि त्यांची पण सही घेतली, संमती देणार म्हणून.

तहहयात हक्क लिहिला की लोक तिथे थांबतात, पण घर चालतं पैशावर. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी कोण भरणार, गळती किंवा प्लंबिंगचं मोठं काम निघालं तर कोण करणार, हे लिहा. इथे लाईट बिल, पाणीपट्टी आणि मेंटेनन्स आईवडिलांनी आणि मोठी दुरुस्ती मुलाने असं ठरलं. आणि रिडेव्हलपमेंट! नाशिकमध्ये जुन्या बिल्डिंगा आता बिल्डरकडे जायला लागल्यात. बिल्डिंग पाडली की ज्या फ्लॅटवर हक्क होता तो फ्लॅटच राहिला नाही, आणि मालक म्हणून करारावर सही मुलाची. म्हणून एक ओळ टाकली की पुनर्विकास झाल्यास मधल्या काळाचं भाडं आईवडिलांना मिळेल आणि नव्या फ्लॅटवर हाच तहहयात हक्क चालू राहील. एका ओळीचं काम आहे, पण ऐनवेळी आठवत नाही कुणाला.

कोणीतरी विचारलं होतं चिठ्ठी पाठवून, मुलाने फ्लॅट विकूच नये असं लिहिता येतं का. नाही येत. मालकी दिली आणि विकायला पूर्ण बंदी घातली तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १० व्या कलमाप्रमाणे ती बंदी रद्दबातल. पण बंदीची गरजच नाही हो. तुमचा तहहयात हक्क रजिस्टर कागदात आहे, मुलाने विकला तर घेणारा त्या हक्कासकटच घेईल, तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. असा फ्लॅट घ्यायला फारसं कोणी पुढे येत नाही आणि बँक पण लोन द्यायला कां-कूं करते, हे मुलाला आधी सांगा, नंतर त्याला फसवल्यासारखं वाटायला नको.

आता ते आवडतं तिसरं वाक्य. १२६ कलम. देणारा आणि घेणारा दोघांनी ठरवलं की अमुक एक घटना घडली तर बक्षीस रद्द होईल, तर ते चालतं, पण ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. ‘वाटेल तेव्हा’ म्हणजे निव्वळ मर्जी, आणि मग रद्द करायचा अधिकार तेवढा जातो असं नाही, बक्षीसच जातं. कायद्यातच उदाहरण दिलंय, एकाने लाख रुपये दिले आणि त्यातले दहा हजार हवे तेव्हा परत घेईन म्हणाला, तर नव्वद हजारांचं बक्षीस टिकतं, दहा हजारांचं नाही. काकांनी तर अख्ख्या फ्लॅटवर मर्जी ठेवली होती. म्हणजे उद्या काका गेल्यावर धुळ्याच्या मुलीने, किंवा तिच्या घरच्यांनी भरीस घातल्यावर म्हणा, हेच वाक्य कोर्टात दाखवलं तर बक्षीस रद्दबातल आणि फ्लॅट सगळ्या वारसांत. जी ओळ काकांनी स्वतःच्या सेफ्टीसाठी घातली तिनेच मुलाचा फ्लॅट गेला असता.

मग घटना कुठली लिहायची? आम्ही दोन लिहिल्या. पहिली, मुलगा आईवडिलांच्या आधी वारला तर. ऐकायला वाईट वाटतं, काकू तर म्हणाल्या असं अभद्र लिहू नका. पण हिंदू वारसा कायद्यात मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, बाप त्यात नाही. ज्याने आयुष्यभर हप्ते फेडले त्यालाच त्या फ्लॅटमध्ये हिस्सा नाही. राहण्याचा हक्क राहतो, मालकी येत नाही. इथे काकांनी ठरवलं की सून आहे, नातू आहे, फ्लॅट त्यांच्याकडेच राहू दे, पण मूलबाळ नसताना तसं झालं तर फ्लॅट परत आमचा. ही तुमच्या घरातली निवड, फक्त विचार करून करा.

दुसरी घटना सांभाळाची. इथे ‘नीट सांभाळ करील’ असं लिहू नका. नीट म्हणजे काय, ते कोण ठरवणार? मोजता येईल असं लिहा. आम्ही लिहिलं, दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत दहा हजार रुपये वडिलांच्या खात्यात, आणि आजारपणाचा दवाखान्याचा खर्च, आणि सलग तीन महिने रक्कम जमा झाली नाही व लेखी नोटीस देऊनही पंधरा दिवसांत भरली नाही तर बक्षीस रद्द होण्यास लिहून घेणार यांची संमती आहे. पासबुक बघितलं की कळतं, मर्जीचा प्रश्नच नाही.

या ओळीचा अजून एक उपयोग आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, त्याचं २३ वं कलम. साठी ओलांडलेल्या माणसाने ‘मूलभूत गरजा भागवशील’ या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं धरून न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे प्रांताधिकारी ते काम बघतात. पण अट असली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुदेश छिकारा प्रकरणात आईचा अर्ज टिकवला नाही, कारण अशी अट होती हे दिसलंच नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात आईला न्याय मिळाला, तिथे सांभाळाचा उल्लेख बक्षीसपत्रात होता आणि मुलाने वचनपत्र लिहून दिलं होतं. ‘प्रेमापोटी’ या एका शब्दावर २३ वं कलम चालेलच या भरवशावर राहू नका.

आणि घटना घडली म्हणून फ्लॅट आपोआप परत येत नाही. मुलगा तयार असेल तर दोघांनी मिळून रजिस्टर कागद करायचा. नसेल तर प्रांताकडे नाहीतर दिवाणी कोर्टात. काही लोक एकटेच सब-रजिस्ट्रारकडे जाऊन ‘रद्दपत्र’ नोंदवून येतात आणि निवांत होतात. मार्च २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, वडिलांनी तहहयात हक्क स्वतःकडे ठेवून मालमत्ता मुलीला दिली, मग तो कागद एकतर्फी रद्द करून ती मुलाला विकली. कोर्टाने पहिला कागद बक्षीस धरला आणि मुलीचाच हक्क कायम केला.

खर्चाचं पटकन सांगते. महाराष्ट्रात राहता फ्लॅट मुलगा, मुलगी, नातू, नात, नवरा-बायको किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिला तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये, बाकी नोंदणी फी, मनपाचा अधिभार वगैरे वेगळं. यादीत जिवंत मुलाची बायको नाही, म्हणून हौसेने सुनेचं नाव जोडू नका, तिच्या हिश्श्यावर सवलत जाते.

काकांचा कागद दोन आठवड्यांनी झाला. मुलगा पुण्याहून आला, दहा हजारांची ओळ वाचून जरा गप्प झाला, मग म्हणाला, मॅडम, तसंही मी बारा पाठवतोय. काका म्हणाले, मग बारा लिहा. मी दहाच ठेवले, पगाराचं काही सांगता येत नाही. रजिस्ट्रेशननंतर इंडेक्स टू घेऊन सोसायटीत शेअर सर्टिफिकेटला अर्ज केला, मनपात घरपट्टीला मुलाचं नाव लावलं, आणि बक्षीसपत्राची एक सही-शिक्क्याची प्रत काकूंच्या कपाटात ठेवायला सांगितली, काकांच्या नाही.