मार्चचं भाडं आणि एक तारीख

गोव्यात मिरामारचा फ्लॅट, महिना पंचावन्न हजार भाडं. भाडेकरू वेर्ण्याच्या कंपनीत नोकरीला, मालक म्हापशाचे. २०२३-२४ मध्ये भाडं दरमहा वेळेवर गेलं, करारही नोंदवलेला. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयकर खात्याची नोटीस आली: भाड्यावर टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापलेला नाही.

खात्याला कळलं कसं? घरभाडे भत्त्याची सवलत घेताना मालकाचा पॅन त्यानंच दिला होता. त्या पॅनवर टीडीएसची नोंद मात्र कुठेच नव्हती.

तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १९४-आयबी सांगत होतं, भाडं महिना पन्नास हजारांच्या वर गेलं की साध्या पगारदारानंही कर कापायचा. दर महिन्याला नव्हे, वर्षातून एकदाच, मार्चच्या भाड्यातून. किंवा त्याआधी घर सोडलं तर शेवटच्या महिन्यात. तेव्हा दर पाच टक्के होता, म्हणजे सहा लाख साठ हजारांवर तेहतीस हजार.

घाबरून त्यानं हा कर भरायचा २६क्यूसी फॉर्म उघडला आणि कपातीच्या रकान्यात ३१ मार्च २०२४ टाकायला निघाला. नेमकं इथंच लोक फसतात. न कापलेला कर कापला होता असं लिहिलं, की तो सरकारचा पैसा खिशात ठेवल्यासारखं होतं. व्याज महिन्याला दीड टक्का, शिवाय उशिराचं शुल्क दिवसाला दोनशे रुपये. हे शुल्क कराच्या रकमेवर थांबतं, पण एवढ्या महिन्यांत तिथवर पोचलेलं असतं. एकूण आकडा बहात्तर हजारांच्या घरात.

सीएनं त्याला थांबवलं आणि वेगळाच प्रश्न विचारला: मालकांनी रिटर्न भरलाय का?

त्यानं म्हापशाला फोन लावला. "काका, तुम्ही मागच्या वर्षीचं भाडं रिटर्नमध्ये दाखवलंय ना?"

"दाखवलंय रे, जुलैमध्येच. करही भरलाय."

मग तोच कर सरकार दुसऱ्यांदा मागत नाही. त्याच कायद्याच्या कलम २०१ मध्ये तशी तरतूद होती. सीएनं मालकांचा रिटर्न तपासून फॉर्म २६ए मधला दाखला दिला: भाडं उत्पन्नात धरलंय, कर भरलाय. उरलं ते व्याज, महिन्याला एक टक्का, मालकांनी रिटर्न भरला तिथपर्यंत. मार्च धरून जुलैपर्यंत पाच महिने, सोळाशे पन्नास रुपये. ते भरून चलन उत्तराला जोडलं.

मालकांनी रिटर्न भरलाच नसता तर ही वाट बंद होती. मग कर आत्ता कापून, कपातीची खरी तारीख घालूनच २६क्यूसी भरावा लागला असता. मालक लंडनला किंवा लिस्बनला स्थायिक असते, तर हे कलमच लागू नव्हतं. गोव्यात असे मालक कमी नाहीत. तिथं कलम १९५ लागलं असतं, भाडं कितीही असो, आणि कर कापणाऱ्याचा टॅन क्रमांकही काढावा लागला असता.

ऑक्टोबर २०२४ पासून दर दोन टक्क्यांवर आला. त्यामुळे मार्च २०२५ मध्ये त्यानं वर्षाचे तेरा हजार दोनशे कापले आणि काकांच्या खात्यात एकेचाळीस हजार आठशे टाकले. २६क्यूसी एप्रिल संपायच्या आत भरला, आणि मे महिन्यात कर कापल्याचा दाखला, फॉर्म १६सी, म्हापशाला पाठवून दिला.