दिवसभराची गोळी एका तासात

मंडळी, यावलकडच्या एका घरातलं सांगतो. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, गोळी गिळताना ठसका लागायचा. म्हणून सून बीपीची गोळी खलबत्त्यात कुटून केळ्यात कालवून भरवायची. मनापासून सेवा करणारी पोर. गोळी होती निफेडिपिन ईआर, 30 मिलिग्रॅम. सकाळी आठला दिली की नऊच्या सुमारास सासूबाईंचा चेहरा लाल व्हायचा, छातीत धडधड, उठलं की चक्कर. तेव्हा मोजलेला बीपी 92/58 आणि नाडी 118. दुसऱ्या दिवशी गोळीच्या आधी मोजला, तर 176/94!

हे 30 मिलिग्रॅम 24 तासांत थोडं थोडं सुटावं, अशी त्या गोळीची रचना असते; नावातल्या ईआरचा अर्थ तोच. केळीला ठिबकनं पाणी देतो तसंच. कुटल्यावर ती रचनाच मोडते आणि सगळं औषध तासाभरात रक्तात येतं. निफेडिपिन शरीरातून लवकर निघूनही जातं. साधारण दर दोन तासांना निम्मं होतं. म्हणजे सकाळी धोका जास्त औषधाचा आणि रात्री औषधच नाही. मला खरी भीती वाटते ती पुढच्या पायरीची. डॉक्टरांना फक्त सकाळचा 176 दिसला आणि कुटण्याचं कुणी सांगितलंच नाही, तर ते डोस वाढवतील. मग वाढलेला डोसही खलबत्त्यातच जाणार. अशा एकदम उतरलेल्या बीपीनं पुन्हा झटका येऊ शकतो.

त्यांची गोळी डॉक्टरांनी बदलून ॲमलोडिपिन 5 केली. तीही दिवसातून एकदाच. पण तिचा असर दिवसभर टिकतो तो गोळीच्या रचनेमुळे नव्हे. ते औषध मुळातच शरीरातून सावकाश जातं, निम्मं व्हायला 30 ते 50 तास लागतात. म्हणून साधी ॲमलोडिपिन अर्धी करता येते, गिळणं जमत नसेल तर कुटूनही देता येते. पूर्ण असर दिसायला मात्र आठवडाभर थांबावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, ईआर, एक्सएल, एसआर, रिटार्ड असं लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी प्रत्येक गोळी अखंडच घ्यायची का? बहुतेक हो. बीपीच्याच मेटोप्रोलोल सक्सिनेट या गोळीचा अपवाद आहे. तिच्या अनेक ब्रँडमध्ये शेकडो बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर स्वतःचं आवरण असतं. मधल्या खाचेवर हातानं मोडली तर दाणे शाबूत राहतात, त्यामुळे 50 ची अर्धी 25 म्हणून चालते. कुटली किंवा चावली तर दाणेच फुटतात, ते चालत नाही. सगळ्या कंपन्यांची बनावट सारखी नसते, म्हणून ब्रँड बदलला की स्ट्रिप दाखवून केमिस्टला पुन्हा विचारा. आणि गिळता येत नाही म्हणून मेटोप्रोलोल आपल्या मनानं एकदम बंद करू नका, नाडी आणि बीपी उसळतात. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते.