निमंत्रणाला नकार कळवणारे पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीनंतर महाविद्यालयांत चर्चासत्रांचा हंगाम सुरू होतो आणि चांगल्या वक्त्यांना एकाच महिन्यात तीन-चार ठिकाणांहून बोलावणे येते. सगळीकडे जाणे शक्य नसते, म्हणून नकाराचे पत्र लिहावे लागते. अशाच एका पत्राबद्दल मी आज बोलणार आहे.

मृदाशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांना सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने बीजभाषणासाठी बोलावले होते. नेमक्या चर्चासत्राच्या दोन्ही दिवशी त्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन क्षेत्रकार्यासाठी बाहेरगावी जाणार होत्या. पत्राचा पहिला मसुदा त्यांनी मला दाखवला, तो दीड पानांचा होता. सुरुवातीचा परिच्छेद आभारांचा आणि दुसरा अडचणींचा. त्यात क्षेत्रकार्य, आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, प्रवासाचा त्रास आणि अपुरी तयारी हे सारे ओळीने आले होते. शेवटी लिहिले होते, “तरीही जमवण्याचा प्रयत्न करते, आत्ताच निश्चित सांगता येत नाही.”

हे शेवटचे वाक्य सौजन्यापोटी आले होते, पण समन्वयकाची सर्वांत मोठी अडचण त्यानेच झाली असती. त्याला कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायची असते, प्राचार्यांना नावे कळवायची असतात आणि दुसरा वक्ता शोधायचा तर त्या वक्त्यालाही पुरेसा वेळ द्यावा लागतो. ‘प्रयत्न करते’ हे वाचून तो होकाराची वाट पाहत थांबतो आणि खरा नकार कळतो तेव्हा हाताशी चार दिवस उरलेले असतात.

कारणांच्या यादीचेही तसेच. कारणे चार झाली की एकही खरे वाटत नाही, शिवाय प्रत्येक कारणावर तोडगा सुचवता येतो. प्रवासाचा त्रास आहे म्हटले की गाडी पाठवतो असे उत्तर येते, आणि तयारी नाही म्हटले की जुनेच व्याख्यान चालेल म्हणतात. मग दुसऱ्यांदा नकार द्यावा लागतो, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक बोचतो. आईची शस्त्रक्रिया ही तर घरची बाब. अनोळखी संयोजन समितीसमोर ती ठेवण्याचे कारणच नाही.

आम्ही पत्र नव्याने लिहिले. ते असे:

“माननीय समन्वयक, सप्रेम नमस्कार. आपल्या चर्चासत्रात बीजभाषण करण्याचे निमंत्रण मिळाले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. त्या दोन्ही दिवशी विद्यार्थ्यांसह क्षेत्रकार्यासाठी बाहेरगावी असल्यामुळे मला येता येणार नाही. क्षारपड जमिनींसाठी आपण स्वतंत्र सत्र ठेवले आहे, हे पाहून विशेष आनंद झाला. जुलै ते सप्टेंबर या काळात मी महाविद्यालयातच असते. त्या दिवसांतील एखाद्या कार्यक्रमाबद्दल दोन महिने आधी कळवलेत, तर यायला मला आवडेल. चर्चासत्रास हार्दिक शुभेच्छा. कळावे, आपली नम्र.”

नकार दुसऱ्याच वाक्यात आणि निःसंदिग्ध शब्दांत आहे. कारण एकच, पण ते तारखेशी बांधलेले असल्यामुळे त्यावर वाटाघाट होत नाही. या पत्रातील जिव्हाळा मला आभारांपेक्षा क्षारपड जमिनींच्या उल्लेखात अधिक दिसतो. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात अतिसिंचन आणि अपुरा निचरा यांमुळे जमिनी क्षारपड होत आहेत, म्हणून तिथल्या संयोजकांनी त्या सत्रासाठी नक्कीच विचार केला असणार. पत्रिका मन लावून वाचल्याशिवाय हे वाक्य लिहिता येत नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळते.

पुढच्या संपर्काचे वाक्यही असेच नेमके हवे. ‘पुन्हा कधीतरी नक्की’ असे लिहिले तर समन्वयकाला त्याचा काहीच उपयोग नसतो. महिने आणि पूर्वसूचनेची मुदत सांगितली की तो ते टिपून ठेवू शकतो. मात्र त्या संस्थेकडे किंवा त्या विषयावर बोलायला जाण्याची इच्छाच नसेल, तर हे वाक्य गाळावे आणि शुभेच्छांवर थांबावे. तेवढ्यानेही पत्र पुरेसे आदबशीर राहते.

आपल्याऐवजी दुसऱ्या वक्त्याचे नाव सुचवणे ही समन्वयकाला मोठी मदत असते, पण त्या व्यक्तीला आधी विचारून, तिची संमती मिळाल्यावरच ते लिहावे. संमती यायला वेळ लागणार असेल, तर त्यासाठी नकार अडवून ठेवू नये. नकार लगेच पाठवावा, नाव मागाहून कळवता येते.

निमंत्रण फोनवरून आले असेल, तर फोनवर नकार दिल्यावरही असे चार ओळींचे पत्र पाठवावे, कारण समन्वयकाला समितीच्या बैठकीत पुढचे नाव मांडण्यासाठी लेखी उत्तर हाती लागते. होकार देऊन पत्रिका छापली गेली असेल, तर मात्र क्रम उलटा ठेवावा: आधी स्वतः फोन करावा, आणि पत्र त्यानंतर पाठवावे.