भिंतीतलं यूएसबी सॉकेट आणि सुटा चार्जर

श्रोतेहो, नमस्कार. भिंतीच्या स्विचबोर्डातच यूएसबी पोर्ट असलेलं सॉकेट बसवावं, की नेहमीच्या सॉकेटमध्ये सुटा चार्जर लावावा, हा आजचा विषय. पण त्याआधी एका घरातल्या फोनबद्दल सांगायला हवं, कारण सगळं मर्म त्या फोनमध्येच आहे.

त्या घरी पलंगाशेजारी नवं सॉकेट बसवलं होतं. त्यात एक सी-पोर्ट, एक जुन्या धाटणीचा चौकोनी ए-पोर्ट, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत २० वॅट. दिवसा सी-पोर्टवर फोन झरझर चार्ज व्हायचा. रात्री मात्र लावल्यावर थोड्या वेळात फोन आपोआप ‘टिंग’ करायचा, आणि पडद्यावरचं फास्ट चार्जिंग जाऊन साधं चार्जिंग दिसायला लागायचं. केबल बदलली, तरी तेच. दुसरा फोन लावला, तरी तेच. मग वायरमनला बोलावलं. तो आला दिवसा, आणि दिवसा सगळं ठणठणीत! सॉकेटला कुठे ढिली तार नाही, कुठे काळं पडलेलं नाही, व्होल्टेज बरोबर.

वायरमन हुशार होता. त्याने विचारलं, ‘रात्री इथे आणखी काय लावता?’ उत्तर आलं, मनगटी घड्याळ. ए-पोर्टवर. घड्याळाला वीज लागते ती दोन-तीन वॅट, त्याचा काय संबंध? त्याने केबलमध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर काढला. एकटा फोन असताना मीटरवर ९ व्होल्ट आणि जवळजवळ २ अँपिअर, म्हणजे सुमारे १८ वॅट. घड्याळ लावलं, टिंग! आकडा ५ व्होल्टवर, २ अँपिअर. म्हणजे १० वॅट. घड्याळ काढलं, टिंग! पुन्हा ९ व्होल्ट.

याचं कारण ऐका. अशा बऱ्याच सॉकेटच्या आत वीज उतरवणारं सर्किट एकच असतं, आणि ते एका वेळी एकच व्होल्टेज देऊ शकतं. फोन ९ व्होल्ट मागतो, एकटा असेल तर मिळतात. पण घड्याळाला ५ व्होल्टच हवेत. तेच ९ त्याच्याकडे गेले तर घड्याळ जळेल. म्हणून दुसऱ्या पोर्टला काही जोडलं, की सॉकेट दोघांनाही ५ व्होल्टवर आणतं. तो ‘टिंग’ म्हणजे क्षणभर पुरवठा तुटून फोन आणि सॉकेट यांच्यात किती व्होल्ट द्यायचे याची नवी बोलणी झाल्याची खूण. काही सॉकेट तर घड्याळ पूर्ण चार्ज झालं तरी ते जोडलेलं असेपर्यंत ५ व्होल्टवरच थांबतात.

तर लक्षात ठेवा, अशा सॉकेटच्या खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा एका पोर्टचा असतो. एका पोर्टचा! दोन्ही पोर्ट मिळून किती, ते मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत असतं. त्या सॉकेटवर लिहिलं होतं, दोन्ही मिळून ५ व्होल्ट, ३ अँपिअर. म्हणजे १५ वॅट. माझं तर ठाम मत आहे, हा दुसरा आकडा पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला लावला पाहिजे.

दोन पोर्टच्या स्वस्त सुट्या चार्जरमध्येही हेच घडतं. फरक इतकाच, की तो काढून दुसरा लावता येतो. भिंतीतला बदलायला बोर्ड उघडावा लागतो.

दुसरा फरक उष्णतेचा. २० वॅट देताना तीन-साडेतीन वॅट उष्णता होऊन वाया जातात, दोन्हीकडे सारख्याच. पण सुटा चार्जर मोकळ्या हवेत असतो, भिंतीतलं सॉकेट बंद डबीत. डबी उथळ असेल, मागे तारांची गुंडाळी दाबून बसवली असेल, तर आतलं सर्किट तापून स्वतःच पुरवठा कमी करतं, आणि त्याचे कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. त्यामुळे लॅपटॉपसाठी सुटाच चार्जर बरा. पलंगाशेजारी एक फोन, एक घड्याळ, रात्रभर सावकाश, एवढ्याला भिंतीतलं सॉकेट उत्तम.

रिकामं सॉकेट वीज खातं, ही भीती मात्र सोडा. चांगलं सॉकेट रिकामं असताना वॅटच्या दहाव्या भागाइतकी वीज घेतं. वर्षभरात एक युनिटही होत नाही.

बसवताना एमसीबी बंद, मग टेस्टरने तार मृत आहे याची खात्री. आणि घराच्या वायरिंगची ५०० व्होल्टची मेगर चाचणी, म्हणजे तारांवरचं आवरण वीज गळू देत नाही ना याची तपासणी, करायची असेल, तर वायरमनला आधी सांगा, भिंतीत यूएसबी सॉकेट कुठे कुठे आहेत ते. ती सर्किटमधून सोडवल्याशिवाय चाचणी केली, तर वायरिंग चांगलं असूनही आकडा खराब दाखवेल, आणि सॉकेटही निकामी होऊ शकतं.