किकपासून गळ्यापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

बँडच्या कार्यक्रमाला तुम्ही कधी फार लवकर पोचलात आणि नाट्यगृहाचं दार किलकिलं असलं, तर आतून एकच आवाज ऐकू येतो. धप्. मग थोडी शांतता. पुन्हा धप्. पाच मिनिटं हेच चालू असतं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, ही मंडळी वाजवायला कधी सुरुवात करणार? मी बरीच वर्षं मिक्सरच्या मागे उभा राहून हे धप् ऐकत आलोय. त्या पहिल्या धपपासून गाणाऱ्याच्या माइकपर्यंत आम्ही कुठल्या क्रमाने जातो आणि प्रत्येक चॅनेलवर काय ऐकतो, ते आज सांगतो.

एक नेहमीचा बँड डोळ्यांपुढे ठेवू. ड्रम, बेस, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड आणि गायिका. बेसवाला आणि गिटारवाला मधूनमधून मागे सूर धरतात, म्हणजे त्यांच्यापुढेही एकेक माइक आला. नाट्यगृह साधारण ८०० खुर्च्यांचं. मिक्सरवर १५ चॅनेल भरले आणि त्यातले ८ एकट्या ड्रमचे. हातात वेळ सव्वा तास.

कलाकार स्टेजवर यायच्या आधी लाइन चेक उरकलेला हवा. माझा सहकारी प्रत्येक माइकवर बोटाने खरवडतो आणि मी मिक्सरवर बघतो की आवाज बरोबर त्याच चॅनेलला येतोय ना. सातची वायर आठमध्ये गेली असेल, एखादी वायर मेलेली असेल, तर ते तेव्हाच कळलं पाहिजे. ड्रमर काठ्या हातात घेऊन बसलाय आणि आपण वायर शोधतोय, अशी वेळ आली तर ती १० मिनिटं शेवटी गायिकेच्या वाट्यातून जातात.

आता ड्रम आधी का? ड्रमला स्पीकर नसला तरी तो अख्ख्या हॉलला ऐकू जातो. बाकी सगळ्यांचा आवाज मला बटणाने खाली आणता येतो, ड्रमचा येत नाही. त्यामुळे आधी तो बसवायचा आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती जागा करून द्यायची. काही जण गायकापासून सुरुवात करतात, त्यामागचा विचारही मला पटतो. पण मध्यम आकाराच्या बंद नाट्यगृहात मी ड्रमपासूनच जातो.

पहिला किक, म्हणजे पायाने वाजतो तो मोठा ड्रम. एकटं वाजवताना माणूस हळू वाजवतो, मग गाण्यात जोर आला की मीटर लाल होतो. म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, गाण्यात मारतोस तसाच मार." त्या जोरावर मी गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती मोठा घ्यायचा ते, लावतो. डिजिटल मिक्सरवर आवाज सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि सगळ्यात जोरदार ठोका उणे ६ च्या खाली राहिला, की पुढच्या उत्साहाला जागा उरते.

मग ऐकायचं. किकमध्ये मी तीन गोष्टी शोधतो. छातीत जाणवतं ते वजन ६० हर्ट्झच्या आसपास असतं. रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा आवाज ३०० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो, तो नको असतो. आणि पायाचा दांडा कातड्यावर आपटल्याची टक् ३ ते ४ हजारांत असते. ती नसेल तर बाकी वाद्यांच्या गर्दीत ठोका हरवतो. पण मिक्सरवर काही फिरवण्याआधी मी स्टेजवर जाऊन माइकच हलवतो. पुढच्या कातड्याला जे भोक असतं, त्यातून माइक चार बोटं आत सरकवला की टक् वाढते, बाहेर ओढला की गोलाई वाढते. चार बोटांत जे होतं, ते मिक्सरवर अर्ध्या तासातही होत नाही.

पुढे स्नेअर, म्हणजे खालच्या कातड्यावर तारा ताणलेला छोटा ड्रम. त्याला मी वर एक आणि खाली एक असे दोन माइक लावतो. वरचा काठीचा मार पकडतो, खालचा त्या ताणलेल्या तारांची सळसळ. इथे एक गंमतीशीर अडचण आहे. काठी पडली की वरचं कातडं वरच्या माइकपासून लांब जातं आणि त्याच क्षणी खालचं कातडं खालच्या माइककडे येतं. म्हणजे एक माइक हवा ओढली गेली असं सांगतो, दुसरा ढकलली गेली असं. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना खातात आणि स्नेअर पत्र्यासारखा पातळ होतो. म्हणून खालच्या चॅनेलवर फेज, म्हणजे ही ओढ-ढकल, उलटण्याचं बटण दाबायचं. डोळे मिटून बटण दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ज्या बाजूला स्नेअर भरदार वाटतो, ती बरोबर.

हॅटला, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांना, आणि टॉमला, म्हणजे बाकीच्या ड्रमना, मी फार वेळ देत नाही. टॉम ठोक्यानंतर किती वेळ गुणगुणत राहतो एवढं ऐकतो. फार गुणगुणला तर ड्रमरला कातडं जरा जुळवायला सांगतो. वरून टांगलेले दोन ओव्हरहेड कंडेन्सर माइक असतात आणि त्यांना मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात. ते सुरू करताना चॅनेल बंद ठेवायचा, नाहीतर स्पीकरमधून असा फटका येतो की स्टेजवरचे सगळे दचकतात. मग ड्रमरला म्हणायचं, आता सगळा सेट वाजव. एक मिनिट पुरे.

आता बेस. तो डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याची वायर मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीतून, थेट मिक्सरला येतो. पहिलं ऐकायचं ते त्याने काही न वाजवता. घूं असा अखंड आवाज येत असेल तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टची छोटी कळ असते, बहुतेक वेळा ती सरकवली की घूं जातं. वाद्याच्या किंवा अँपच्या प्लगमधली अर्थिंगची पिन मात्र त्यासाठी कधीही काढू नये. त्यात वादकाला शॉक बसू शकतो.

मग बेसवाल्याला मी सगळ्यात जाड तारेपासून एकेक सूर सावकाश वर चढायला सांगतो आणि स्वतः हॉलमध्ये फिरतो. जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा असतो. फिरताना कळतं की एखाद्या सुराला पाचव्या रांगेतली खुर्ची थरथरते आणि त्याच्या शेजारचा सूर जवळजवळ गायबच आहे. यात बेसवाल्याचा काही दोष नाही, भिंतींचा आहे. जो सूर अंगावर येतो तो मी थोडा कमी करतो. जो गायब आहे त्याच्यामागे लागत नाही, कारण तिथे कितीही वाढवलं तरी भिंत खाऊन टाकते आणि दुसऱ्या रांगेत मात्र घुमतं.

यानंतरची दोन मिनिटं माझ्या मते ड्रम आणि बेसच्या तपासणीतली सगळ्यात मोलाची. किक आणि बेस दोघांनीच वाजवायचं. खालचं घर एकच आहे आणि राहणारे दोन. किक ६० वर ठेवली असेल तर बेसला ८० ते १०० मध्ये पुढे आणतो आणि ६० ला थोडा मागे घेतो. गाणं संथ आणि बेस लांब सूर धरणारा असेल, तर याच्या उलट. बरोबर जमलं की ठोका आणि सूर वेगळे ऐकू येतात. नाही जमलं तर नुसतं धुकं.

गिटारच्या अँपचं एकच सांगतो. तो जमिनीवर ठेवलेला असतो आणि त्याचा आवाज वादकाच्या गुडघ्यांना लागतो, म्हणून तो वाढवत राहतो. अँप मागे कलता करून त्याच्या कानाकडे वळवला की तो आपणहून कमी करतो. कीबोर्डवाल्याला मी त्याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात हळू असे दोन्ही टोन वाजवायला लावतो. पियानोवर गेन लावला आणि तिसऱ्या गाण्यात ब्रास आला, की कान फाटतात.

एव्हाना ४० मिनिटं गेलेली असतात. उरलेल्यातली बरीचशी गायिकेची. गळ्याला फक्त दोन मिनिटं दिल्याचे कार्यक्रम मी पाहिलेत आणि त्याचा मला मनापासून राग येतो. लोक शब्द ऐकायला आलेले असतात.

गायिकेला "हॅलो, चेक" म्हणू देत नाही. कडव्यातली सगळ्यात हळू ओळ आणि मग सगळ्यात उंच ओळ गायला सांगतो. १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकतो, तिथे फक्त पावलांची धडधड आणि श्वासाचा फुस्कारा असतो. ओठ माइकला टेकवून गायली की आवाज घट्ट, जाड होतो. लांब गेली की पातळ होतो. म्हणून ती कार्यक्रमात जेवढ्या अंतरावर गाणार, तेवढ्यावरच आत्ता गायला हवी. स, श जास्त टोचत असतील तर ५ ते ८ हजारांत बघतो. आणि माइकची जाळी मुठीत धरू नका, हे हात जोडून सांगतो. जाळी झाकली की माइक मागच्या बाजूचंही ऐकायला लागतो आणि समोरचा मॉनिटर, म्हणजे तिला तिचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, शिट्टी मारतो.

एकदा असाच सगळा क्रम नीट पार पडला. एकेकटा प्रत्येक आवाज सुंदर होता. मग मी म्हटलं, सगळे मिळून एक गाणं घ्या. आणि स्नेअर बिघडला. मघाचा भरदार स्नेअर बाथरूममध्ये वाजवल्यासारखा झाला. मी स्नेअरचे दोन्ही चॅनेल तपासले, तिथे काहीच बदललेलं नव्हतं. गाणं चालू ठेवायला सांगून गायनाचे माइक एकेक करून बंद केले. तिसरा बंद केला आणि स्नेअर परत आला.

तो बेसवाल्याचा माइक होता. तो ड्रमपासून ३ मीटरवर, पण तोंड थेट ड्रमकडे. बेसवाला हळू गातो म्हणून त्याचा गेन मी बराच वर नेलेला. आवाजाला ३ मीटर जायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तोच स्नेअर जवळच्या माइकमधून लगेच आणि या माइकमधून ९ मिलिसेकंद उशिरा येत होता. दोन्ही मिसळून तो पोकळ झाला होता. आम्ही त्याचा स्टँड दोन पावलं बाजूला नेऊन असा वळवला की माइकची पाठ ड्रमकडे आली. त्याला माइकच्या आणखी जवळ गायला सांगितलं आणि गेन ६ डेसिबलने खाली आणला. जमिनीवर स्टँडच्या पायांभोवती चिकटपट्टी लावली. जिथे तो गात नाही, तिथे चॅनेल बंद ठेवायचं असं गाण्यांच्या यादीवर लिहून घेतलं.

तेव्हापासून एकेकट्या चॅनेलला मी थोडा कमी वेळ देतो आणि शेवटची १५ मिनिटं सगळ्या बँडसाठी राखतो. त्यात एक पूर्ण गाणं, गायनाचे सगळे माइक उघडे ठेवून. आणि त्या दरम्यान मी मिक्सर सोडून मागच्या रांगेपर्यंत एक फेरी मारतो.

रिकाम्या हॉलमध्ये वरचे सूर भिंतींवरून उसळतात, म्हणून सगळं जरा कर्कश वाटतं. ते मी मुद्दाम पूर्ण कापत नाही. सात वाजता ८०० माणसं येऊन बसतात, त्यांचे अंग आणि कपडे ते वरचे सूर शोषून घेतात. खालचे सूर मात्र फारसे हलत नाहीत. म्हणून पडदा उघडल्यावर पहिल्या कडव्यात माझा एक हात बेसवर असतो, थोडा खाली घ्यायला, आणि दुसरा गायिकेच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणावर. ड्रमला मी पहिलं गाणं संपेपर्यंत हात लावत नाही.

नमस्कार.